आधी कुणाचे फेडायचे?

कर्ज फेडायच्या दोन पद्धती नेटवर शोधल्या की लगेच समोर येतात. अ‍ॅव्हलाँच म्हणजे ज्या कर्जाचा व्याजदर सगळ्यात जास्त त्याच्यावर आधी तुटून पडायचं आणि बाकीच्यांना फक्त ठरलेला हप्ता देत राहायचं. स्नोबॉल म्हणजे व्याजाचं राहू दे, जे कर्ज सगळ्यात छोटं ते आधी संपवायचं आणि त्याचा मोकळा झालेला हप्ता पुढच्या छोट्याला जोडायचा. पहिलीत पैसे वाचतात, दुसरीत उत्साह टिकतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि खाली लोक भांडत असतात. आमच्याकडे हे भांडण स्वयंपाकघरात झालं, मी एका बाजूला आणि नवरा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही या पद्धतींची नावं माहीत नव्हती तेव्हापासून.

आमचं चित्र आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी नाशिकला सातपूरच्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, हातात ३६,००० येतात. नवऱ्याचं काम सीझनचं, लग्नसराईत बरं आणि पावसाळ्यात नावाला, त्यामुळे त्याच्या पैशात शाळेची फी आणि किराणा धरायचा आणि हप्ते माझ्या पगारातून, असं आम्ही ठरवून घेतलंय. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी जे मिळेल तिथून पैसे उभे केले होते, ती आणि फ्रीजचं धरून पाच देणी झाली. पर्सनल लोन मूळ दीड लाखाचं, हप्ता ५,४१७ आणि अजून दोन वर्षं बाकी. क्रेडिट कार्डावर ४२,०००. माझ्या पाटल्या ठेवून घेतलेलं ५०,००० चं सोनेतारण, १० टक्क्यांनी. फ्रीजचे दीड हजाराचे सहा हप्ते, बिनव्याजी. आणि नवऱ्याच्या आत्तेभावाकडून घेतलेले १५,००० हातउसने, त्याला आम्ही दादा म्हणतो.

पर्सनल लोनचा हप्ता आणि सोन्याच्या व्याजासाठी महिन्याला बाजूला टाकायचे सव्वाचारशे सोडले तर कार्ड, फ्रीज आणि दादा या तिघांसाठी मिळून महिन्याला ६,७०० निघत होते, ओढूनताणून. म्हणजे प्रश्न खरा एवढाच, की फ्रीजचे दीड हजार गेल्यावर उरलेले ५,२०० कुठे टाकायचे.

नवरा म्हणाला, "आधी दादाचे देऊन टाकू. प्रत्येक कार्यक्रमात तो समोर येतो, काही बोलत नाही, पण मला त्याच्या पंगतीत बसवत नाही."

मी म्हटलं, "अरे दादा व्याज घेतोय का? कार्डवाले घेतायत."

"दादा पण घेतोय, तुला दिसत नाही," असं म्हणून तो गाडी धुवायला निघून गेला.

मी अकाउंट्सवाली, त्यामुळे एक्सेल उघडलं. कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो हे बिलात वेगळ्या ओळीत असतं म्हणून लक्षात येत नाही, तो धरला की महिन्याला ४.१३ पडतात, म्हणजे वर्षाला जवळपास ५० टक्के. ४२,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज साधारण १,७३५. मिनिमम ड्यू पाच टक्के धरलं तर २,१००. म्हणजे तुम्ही २,१०० भरले तरी मूळ रक्कम फक्त ३६५ रुपयांनी हलली. मिनिमम भरून "कार्ड चालू आहे" म्हणणारे आमच्या ऑफिसात तीनचार जण आहेत, त्यांना मी हा आकडा दाखवला तेव्हा एकाने चहा तसाच ठेवला. आणि अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, जुनी बाकी राहिलेली असताना कार्डावर नवीन काही घेतलं तर त्या नवीन खरेदीला ती बिनव्याजी दिवसांची सवलत मिळत नाही, दूध घेतलंत तरी त्या दिवसापासून व्याज. त्यामुळे कोणतीही पद्धत धरा, कार्ड आधी पाकिटातून काढायचं आणि त्याला जोडलेले ऑटो पेमेंट बंद करायचे, नाहीतर खालचं सगळं गणित खोटं ठरतं.

तर दोन्ही पद्धती महिन्यामहिन्याने मांडल्या. माझ्या पद्धतीने, म्हणजे ५,२०० सगळे कार्डावर आणि फ्रीज संपल्यावर सातव्या महिन्यापासून ६,७०० कार्डावर, तर कार्ड दहाव्या महिन्यात संपतं, आणि त्यानंतर दादाचे बाराव्या महिन्यात फिटतात. कार्डाला व्याज आणि जीएसटी मिळून साधारण ९,७५० जातात.

नवऱ्याच्या पद्धतीने, म्हणजे खरं स्नोबॉल, सगळ्यात छोटा फ्रीज, तो ९,००० चा, आधी जास्तीचे टाकून दोन महिन्यांत संपवायचा, मग दादा सहाव्या महिन्यात मोकळा, तोपर्यंत कार्डाला फक्त २,१००, आणि नंतर सगळा जोर कार्डावर. कार्ड तेराव्या महिन्यात संपतं आणि त्याला जातात १५,७०० च्या आसपास.

फरक सहा हजार रुपयांचा आणि एका महिन्याचा. मला वाटलं होतं फरक वीस-पंचवीस हजारांचा निघेल आणि मी कागद नवऱ्यासमोर ठेवून जिंकेन. नेटवर जे मोठमोठे फरक दाखवतात ते पाच-सात वर्षं चालणाऱ्या कर्जांचे असतात, आपली छोटी देणी वर्ष-सव्वा वर्षात संपणारी असली की क्रम चुकल्याची किंमत तेवढी मोठी निघत नाही. अर्थात सहा हजार म्हणजे आमच्या जवळपास महिन्याभराच्या फेडीचे पैसे, ते काय रस्त्यावर पडलेले नाहीत. पण त्यात एक बघण्यासारखी गोष्ट होती. या सहा हजारात फ्रीज लवकर संपवण्याचा वाटा निव्वळ फुकट जाणारा आहे. बिनव्याजी हप्ता आधी भरून एक रुपया वाचत नाही, फ्रीजवाला काही माझ्या स्वप्नात येत नाही, आणि तो हप्ता तसाही सहा महिन्यांत आपोआप संपणार आहे. स्नोबॉलचा नियम डोळे झाकून पाळला तर सगळ्यात पहिले पैसे नेमके तिथे जातात. दादाचं तसं नाही. तिथे लवकर देण्यात काहीतरी मिळतं, फक्त ते एक्सेलमध्ये मांडता येत नाही.

या उत्साहाच्या मुद्द्यावर अभ्यासही झालेला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या केलॉग स्कूल ऑफ मॅनेजमेंटच्या डेव्हिड गाल आणि ब्लेक मॅक्शेन यांनी कर्जबाजारी लोकांची माहिती तपासून दाखवलं, की ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली ते सगळं कर्ज संपवण्यापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त होती, मग ती खाती किती का छोटी असेनात. स्नोबॉलवाले हा अभ्यास नेहमी पुढे करतात. पण ते लोक कर्ज तडजोडीच्या एका योजनेतले होते, म्हणजे सावकाराशी बोलणी करून कमी रकमेत खातं मिटवणारे, आपल्यासारखे दर महिन्याला पाच तारखेला हप्ता कापला जाणारे नव्हेत. ऑटो डेबिटचा हप्ता तुमच्या उत्साहाची वाट बघत नाही, खात्यात पैसे असले की जातो. उत्साह लागतो तो फक्त त्या वरच्या ५,२०० ला, जे कापले जात नाहीत, जे आपल्या हाताने भरावे लागतात आणि गणपतीत, भाचीच्या बारशाला सहज वळतात. एवढ्यापुरता तो अभ्यास मला पटतो.

मग मी तिसरा कागद केला, आणि मला वाटतं या सगळ्यात खरी कामाची गोष्ट ही होती. क्रम लावत बसण्याआधी दर बदलता येतो का बघायचं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून घ्यायची सोय होती, १२ महिने, १८ टक्के, प्रोसेसिंग फी एक टक्का. हप्ता बसत होता ३,८५१. व्याज, त्या व्याजावरचा जीएसटी, फी, सगळं धरून वरचा खर्च साडेपाच हजारांच्या आत. म्हणजे माझ्या हुशारीच्या अ‍ॅव्हलाँचपेक्षाही चार हजारांनी कमी, आणि नवऱ्याच्या पद्धतीपेक्षा दहा हजारांनी. शिवाय हप्ता ठरलेला असल्यामुळे ५,२०० मधले महिन्याला बाराशेच्या आसपास पहिल्या महिन्यापासून दादासाठी मोकळे होत होते, फ्रीज संपल्यावर २,८००. असं करून दादा नवव्या महिन्यात फिटतो. अ‍ॅव्हलाँचमध्ये बाराव्यात फिटत होता.

यात अडचणी आहेत. हप्त्यांत बदललेली रक्कम संपेपर्यंत कार्डाची तेवढी लिमिट अडकून राहते, आमच्या दृष्टीने चांगलंच आहे म्हणा. हप्ता चुकला की त्या रकमेवर परत साडेतीन टक्क्यांचा खेळ सुरू. मुदतीआधी बंद करायचं तर वेगळा चार्ज. आणि बदलून घेतलं त्या दिवसापर्यंतचं जुन्या दराचं व्याज पुढच्या बिलात येतं, ते बघून लोक फसवलं म्हणून कस्टमर केअरला फोन करतात, ते आधीच धरून ठेवलेलं बरं. पण सगळ्यात मोठा धोका म्हणजे कार्ड मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि परत वापर सुरू होतो. नवऱ्याने त्याचं कार्ड माझ्या लोखंडी कपाटात ठेवायला दिलं, जरा तोंड वाकडं करून.

सोन्यावर वाढीव कर्ज घेऊन कार्ड फेडायचं, हाही पर्याय होता, १० टक्क्यांनी, आकड्यात तो सगळ्यात स्वस्त. मी नको म्हटलं. कार्डाचे थकले तर फोन येतात आणि सिबिल खराब होतं, सोन्याचं थकलं तर नोटीस येऊन लिलाव होतो. महिना चुकायची शक्यता ज्यांच्याकडे आहे, आणि नवऱ्याच्या सीझनच्या कामामुळे आमच्याकडे ती आहे, त्यांनी विनातारण कर्ज तारणावर ढकलताना फक्त दर बघू नये. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पाटल्यांवर अजून काही टाकू नकोस." त्यांना दर माहीत नव्हता आणि तरी त्यांचं बरोबर होतं.

आता पर्सनल लोन. इथे अ‍ॅव्हलाँचचा नियम लावायला गेलं की दोन ठिकाणी अडकायला होतं.

पहिलं म्हणजे दर कोणता धरायचा. एजंटने सांगितलं होतं १० टक्के. सोनेतारणही १० टक्के. म्हणजे दोन्ही सारखी? नाही. एजंटचे १० हे फ्लॅट आहेत, म्हणजे पूर्ण दीड लाखावर तीन वर्षं १० टक्क्यांनी ४५,००० व्याज लावलं, बेरीज १,९५,०००, भागिले ३६, हप्ता ५,४१७. पण मी तर दर महिन्याला मुद्दल परत करतेय, शेवटचं वर्ष सुरू होताना माझ्याकडे त्यांचे पन्नास-साठ हजारच असतात आणि व्याज मात्र दीड लाखाच्या हिशोबाने बसलेलं. घटत्या मुद्दलावर मोजलं तर हा दर १८ च्या जवळ जातो. एक्सेलमध्ये एका ओळीत कळतं:

```
=RATE(36,-5417,150000)*12
```

३६ हप्ते, हप्त्याची रक्कम उणे चिन्ह लावून, आणि हातात पडलेली रक्कम. प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स कापून दीड लाखाऐवजी १,४६,००० हातात आले असतील तर तिथे १,४६,००० टाकायचे, दर अजून वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांना रिझर्व्ह बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय, त्यात एपीआर म्हणून वार्षिक दर सगळ्या चार्जेससकट लिहिलेला असतो. ते सहीच्या गठ्ठ्यात कुठेतरी असतं, काढून बघा. मी सोबतच्या चार जणांची बघितली, तोंडी सांगितलेला दर आणि एपीआर एकाचेही जुळले नाहीत. दर चुकीचा धरून अ‍ॅव्हलाँच करणं म्हणजे नुसता अंदाजपंचे क्रम.

दुसरं जास्त चमत्कारिक आहे. समजा वर्षभरात कार्ड, फ्रीज, दादा सगळं संपलं आणि तेच ६,७०० मोकळे झाले. आता समोर दोन उरले, १८ टक्क्यांचं पर्सनल लोन आणि १० टक्क्यांचं सोनं. पुस्तकी उत्तर पर्सनल लोन. पण तेव्हा त्याचे १२ हप्ते उरलेले असतील, मुद्दल साधारण ५९,०००, आणि त्या १२ हप्त्यांत दडलेलं व्याज अंदाजे ५,९००. बंद करायला फोरक्लोजर चार्ज चार टक्के अधिक जीएसटी, म्हणजे २,८००. उरला फायदा तीन हजार, तोही पूर्ण ५९,००० त्याच दिवशी हातात असतील तर. ते तर नाहीत. महिन्याला ६,७०० साठवत गेलं तर उरलेलं मुद्दल गाठेपर्यंत पाच-सहा महिने जातात, आणि तोपर्यंत कर्जात व्याजच फारसं उरलेलं नसतं, कारण हप्त्यातलं व्याज सुरुवातीला जास्त आणि शेवटी किरकोळ. थोडेथोडे भरू म्हटलं तर आमच्या कर्ज देणाऱ्या कंपनीचा नियम असा की पार्ट पेमेंट कमीत कमी तीन हप्त्यांएवढं, वर्षातून एकदाच, आणि त्यालाही चार्ज. रिझर्व्ह बँकेने फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जांवर असा चार्ज घ्यायला मनाई केलीय, पण बहुतेक पर्सनल लोन फिक्स्ड दराची असतात, आमचंही.

सोनेतारणाचं उलटं. तिथे आज दोन हजार भरले तर उद्यापासून दोन हजारांवरचं व्याज थांबतं, आमच्याकडे तरी चार्ज काही नाही, पैसे भरायला किमान रकमेची अट नाही. म्हणजे दर कमी असूनही माझे छोटे छोटे पैसे लगेच कामाला लागतात ते तिथेच. नेटवरच्या त्या दोन्ही पद्धतींत असं गृहीत धरलेलं असतं, की कोणत्याही कर्जात कधीही कितीही जास्तीचे पैसे टाकता येतात. क्रेडिट कार्डांना ते लागू आहे. आपल्याकडच्या फिक्स्ड हप्त्यांच्या कर्जांना बरेचदा नाही, त्यामुळे यादीत पाच कर्जं असली तरी आपल्या जास्तीच्या पैशांसमोर खरा पर्याय दोन-तीनच कर्जांचा असतो. आधी प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारायचं, पार्ट पेमेंट चालतं का, किती, चार्ज काय, हप्ता कमी करता का मुदत. मग क्रम.

एक अजून, कारण यात लोक मार खातात. जास्तीचा सगळा पैसा फेडीत घालून खातं कोरडं करू नका. आमच्याकडे पगार कधी सात तारखेला होतो आणि हप्ता जातो पाचला. एक हप्ता बाउन्स झाला की कर्जवाले चार्ज लावतात, बँक वेगळा लावते, आणि क्रम नीट लावून त्या महिन्यात जे वाचवलं ते एका सकाळी जातं. म्हणून एका हप्त्याएवढे ५,४१७ आम्ही खात्यात कायम पडू देतो, त्यावर बचत खात्याचं जेमतेम व्याज मिळतं आणि शेजारी १८ टक्क्यांचं कर्ज चालू आहे हे मला खुपतं, पण तसंच ठेवलंय.

दादाला नवऱ्याने पहिले बाराशे जीपे केले तेव्हा त्याचा लगेच फोन आला, "अरे एवढी घाई काय होती, सगळे एकदम दिले असते तरी चाललं असतं." नवरा खुश. मी मनात म्हटलं, एकदम कुठून देणार होतो. पण मे महिन्यात मुंजीला गेलो तेव्हा दोघं शेजारी बसून जेवले, तेही खरं.

सध्या वाद वेगळा आहे. दिवाळीत बोनस होईल, साधारण पंधरा हजार धरलाय. नवऱ्याचं म्हणणं सगळा सोन्यावर टाकू आणि एक पाटली तरी सोडवून आणू. पण दोन्ही पाटल्या एकाच पावतीवर आहेत, अर्धे भरून एक सोडत नाहीत, त्यासाठी कर्ज बंद करून दोन पावत्यांवर नवीन करावं लागतं आणि मूल्यांकनाची फी पुन्हा भरावी लागते. मी म्हणतेय आत्ता १५,००० भरून व्याज कमी करू, मुदत संपून रिन्यू करायची वेळ येईल तेव्हा दोन पावत्या करून घेऊ, म्हणजे फी एकदाच. सासूबाई या वेळी नवऱ्याच्या बाजूने आहेत.